वाक्यरूपांतर : वाक्य बदला, अर्थ नको
(आमच्या मराठी व्याकरण सरावसंचासोबत मिळणारे माहितीपत्रक)

आमचा सरावसंच नेणारे विद्यार्थी बारावीचे असोत की स्पर्धा परीक्षांचे, एका प्रश्नावर बहुतेकांचे गुण सारख्याच कारणाने जातात. प्रश्न असतो, ‘कंसातील सूचनेप्रमाणे वाक्यरूपांतर करा.’ कंसात ‘नकारार्थी करा’ असे दिसले की हात आपोआप ‘नाही’ लिहून मोकळा होतो. ‘पाणी थंड आहे’चे ‘पाणी थंड नाही’ होते. वाक्य नकारार्थी झाले खरे, पण म्हणणे नेमके उलटले, आणि रूपांतरात म्हणणे बदललेले चालत नाही. म्हणून संचातले प्रश्न सोडवायला घेण्याआधी हे पत्रक एकदा सावकाश वाचा. आम्ही मुद्दाम एकच साधे वाक्य घेतले आहे:

या विहिरीचे पाणी खूप थंड आहे.

नकारार्थी करताना

सोपी युक्ती सगळ्यांना माहीत असते: विरुद्धार्थी शब्द घ्यायचा आणि सोबत ‘नाही’ लावायचे. तसे केले तर उत्तर येते, ‘या विहिरीचे पाणी गरम नाही.’ आता हे वाक्य मूळ वाक्याशेजारी ठेवून बघा. जे पाणी गरम नाही ते कोमट असू शकते, नुसते गार असू शकते. मूळ वाक्यातला ‘खूप थंड’ कुठे गेला?

विरुद्धार्थी जोड्या दोन तऱ्हेच्या असतात, हे इथे लक्षात घ्यावे लागते. हजर-गैरहजर, खरे-खोटे, जिवंत-मृत या जोड्यांच्या मध्ये काही उरत नाही. जो गैरहजर नाही तो हजरच. तिथे युक्ती बिनधास्त वापरा: ‘राजू आज हजर आहे’चे ‘राजू आज गैरहजर नाही’. पण थंड-गरम, श्रीमंत-गरीब, उंच-बुटका यांच्या मध्ये भरपूर जागा असते. जो गरीब नाही तो श्रीमंत असतोच असे नाही. अशा शब्दांसाठी मराठीत एक फार कामाचा तुकडा आहे, तो म्हणजे ‘काही कमी’.

*या विहिरीचे पाणी काही कमी थंड नाही.*

इथे ‘थंड’ शब्द जागचा हलला नाही, ‘नाही’ आले, आणि ‘खूप’चा जोरही राहिला. आमच्या मते यापेक्षा चांगले उत्तर या वाक्याला नाही. ‘गरम नाही’ काही ठिकाणी चालवून घेतात, पण परीक्षेत त्याच्या भरवशावर राहू नका.

क्रियापदाकडेही लक्ष असू द्या, कारण प्रत्येक वेळी ‘नाही’च येते असे नाही. ‘आहे’ला ‘नाही’, ‘असते’ला ‘नसते’, ‘होता’ला ‘नव्हता’, ‘हवे’ला ‘नको’, आणि ‘बोलावे’ला ‘बोलू नये’. त्यामुळे ‘नेहमी खरे बोलावे’ याचे नकारार्थी ‘कधीही खोटे बोलू नये’ असे होते. इथे ‘नेहमी’चे ‘कधीही’ झाले, तेही पाहून ठेवा. ‘नेहमी खोटे बोलू नये’ लिहिले, तर अधूनमधून खोटे बोलायला मोकळीक दिल्यासारखे होते.

प्रश्नार्थी करताना

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्या एका ‘का’मुळे होतात. ही तीन वाक्ये मोठ्याने वाचा:

पाणी थंड आहे का?
पाणी थंड का नाही?
पाणी थंड नाही का?

पहिल्या वाक्यात विचारणाऱ्याला पाणी कसे आहे तेच माहीत नाही. दुसऱ्यात पाणी थंड नाही हे धरून चालले आहे आणि त्याचे कारण विचारले आहे. फक्त तिसऱ्यात बोलणाऱ्याला ठाऊक आहे की पाणी थंड आहे, आणि तो समोरच्याकडून होकार काढतो आहे. म्हणून ‘पाणी थंड आहे’चे योग्य रूपांतर तिसरे. ‘का’ शेवटी आला तर हो-नाहीचा प्रश्न होतो, ‘नाही’च्या आधी आला तर कारणाचा. एका अक्षराची जागा चुकली की वाक्य दुसरेच काही सांगू लागते.

स्वतःचे उत्तर तपासायला हे करा. प्रश्न लिहून झाला की त्याला मनातल्या मनात उत्तर द्या. ‘पाणी थंड नाही का?’ यावर सहज तोंडात येते, ‘आहेच की!’ म्हणजे मूळ विधानच परत मिळाले. प्रश्न बरोबर आहे. उत्तर मूळ विधानाच्या उलट आले, किंवा ‘सांगता येत नाही’ असे आले, तर प्रश्न पुन्हा लिहा.

आपल्या वाक्यात मात्र ‘खूप’ आहे. ‘पाणी खूप थंड नाही का?’ हे जरा डळमळीत वाटते, कारण ‘थंड आहे, पण खूप नाही’ असाही सूर त्यातून निघू शकतो. इथेही ‘कमी’च कामाला येतो:

*या विहिरीचे पाणी काय कमी थंड आहे?*

या प्रश्नात ‘नाही’ कुठेच नाही, तरी उत्तर ‘मुळीच नाही, खूप थंड आहे’ असेच येते.

कोण, कोणाला, कधी, कुठे हे शब्द वापरून प्रश्न करायचा असेल तर होकार-नकाराची अदलाबदल होते. होकारार्थी विधानाचा प्रश्न नकाराने होतो: ‘सर्वांना सुख हवे असते’चे ‘सुख कोणाला नको असते?’ आणि नकारार्थी विधानाचा प्रश्न होकाराने होतो: ‘या जगात कोणीही अमर नाही’चे ‘या जगात कोण अमर आहे?’ दुसऱ्या प्रश्नात सवयीने ‘नाही’ तसेच ठेवले, तर ‘कोण अमर नाही?’ असे होऊन बसते, आणि त्याचा अर्थ सगळेच अमर आहेत असा निघतो.

उद्गारार्थी करताना

खूप, फार, अतिशय यांपैकी जो शब्द असेल तो काढायचा, त्याच्या जागी ‘किती’ किंवा ‘काय’ आणायचा, आणि शक्यतो वाक्याची सुरुवात त्यानेच करायची.

*किती थंड आहे या विहिरीचे पाणी!*

‘किती खूप थंड’ असे लिहू नका. नुसते मूळ वाक्य ठेवून शेवटी उद्गारचिन्ह टाकले तर रूपांतर झालेच नाही असे धरतात. चिन्ह मात्र विसरू नका, कारण ‘किती थंड आहे पाणी’ यापुढे प्रश्नचिन्ह पडले की तो तापमान विचारणारा प्रश्न होतो. ‘काय’ तर जागेवरून अर्थ फिरवतो. ‘काय थंड आहे पाणी!’ म्हणजे फारच थंड, आणि ‘पाणी काय थंड आहे?’ म्हणजे मुळीच थंड नाही.

उलट दिशेने, म्हणजे उद्गारार्थीचे विधानार्थी करताना, क्रियापद शोधा. ‘किती सुंदर पहाट ही!’ यात ते दिसत नाही, म्हणून उत्तरात आपण घालायचे: ‘ही पहाट अतिशय सुंदर आहे.’ आणि ‘मला पंख असते तर!’ यात ‘किती’ नाही, इच्छा आहे. तिथे ‘अतिशय’ शोधत बसू नका. ‘मला पंख असावेत असे मला वाटते’ एवढे पुरे.

संचाच्या शेवटच्या पानांवर उत्तरे दिली आहेत. काही वाक्यांना एकाहून जास्त बरोबर उत्तरे होतात, आणि आम्ही छापलेले त्यांतले एक आहे. तुमचे वेगळे आले असेल तर लगेच खोडू नका. वही घेऊन संध्याकाळी दुकानात या, मूळ वाक्य आणि तुमचे वाक्य शेजारी ठेवून आपण दोन्ही मोठ्याने वाचून बघू.