ऑडिट असोसिएटच्या रेझ्युमेत आम्ही काय तपासतो

आमच्याकडे रेझ्युमे तपासायला देणारे बहुतेक जण सीए इंटर झालेले असतात आणि त्यांची आर्टिकलशिप नुकतीच संपलेली किंवा संपत आलेली असते. रेझ्युमे परत देताना त्यावर आम्ही जे शेरे लिहितो, त्यांमागचं कारण आधीच कळावं म्हणून हे पत्रक काढलं आहे.

सुरुवात आर्टिकलशिपच्या तारखांपासून होते. ३० जून २०२३ पर्यंत नोंदणी झालेल्यांची आर्टिकलशिप तीन वर्षांची आणि त्यानंतरच्यांची दोन वर्षांची. त्यामुळे 'आर्टिकलशिप पूर्ण' एवढंच लिहून भागत नाही. रुजू झाल्याची आणि संपल्याची तारीख लिहा, आणि ती फॉर्म १०३ व फॉर्म १०८ मधल्या तारखांशी जुळते का ते स्वतः पाहा. मध्ये फर्म बदलली असेल तर दोन्ही फर्म वेगळ्या लिहा. बदली लपवली की मधल्या महिन्यांचा प्रश्न मुलाखतीत निघतोच, आणि मग साध्या गोष्टीवरही संशय येतो. फर्म छोटी होती म्हणून संकोच करू नका. चार-पाच जणांच्या ऑफिसात आर्टिकलला व्हाउचिंगपासून रिपोर्टच्या मसुद्यापर्यंत सगळंच करावं लागतं.

यानंतर ऑडिटचे प्रकार. 'स्टॅच्युटरी, टॅक्स, इंटर्नल, बँक, स्टॉक ऑडिट' अशी ओळ जवळजवळ प्रत्येक रेझ्युमेत असते, आणि तिच्यातून काहीच कळत नाही. उदाहरणार्थ 'बँक ऑडिट' घ्या. कन्करंट ऑडिट वर्षभर, व्यवहारांच्या मागोमाग चालतं. शाखेचं स्टॅच्युटरी ऑडिट ३१ मार्चनंतर थोड्या दिवसांत उरकायचं असतं. कन्करंट केलेल्याला 'हप्ता ९० दिवसांहून जास्त थकलेली खाती कशी शोधली, आणि एलएफएआरमधला कोणता भाग भरला' असं विचारलं तर तो अडखळतो. त्यानं काम केलेलं असतं, फक्त नाव चुकीचं दिलेलं असतं. म्हणून प्रकारासोबत उद्योग, उलाढालीचा अंदाज आणि तुमच्याकडे दिलेला भाग लिहा.

आमचे सगळ्यात जास्त शेरे अकाउंटिंग स्टँडर्डच्या ओळीवर पडतात. 'एएस व इंड एएसचं उत्तम ज्ञान' असं लिहिलेलं असतं आणि वर अनुभव असतो तो छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांचा आणि भागीदारी संस्थांचा. इंड एएस मुख्यतः लिस्टेड कंपन्यांना आणि २५० कोटी किंवा अधिक नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना, तसंच त्यांच्या समूहातल्या कंपन्यांना लागू होतात. तुमच्या क्लायंटपैकी कोणीच त्यात बसत नसेल, तर इंड एएस तुम्ही अभ्यासात वाचले आहेत, कामात वापरलेले नाहीत. तसंच लिहा. त्यानं रेझ्युमे कमी दिसत नाही. वाचणारा ऑडिट मॅनेजर हा फरक अर्ध्या मिनिटात ओळखतो.

त्याऐवजी, खरोखर वापरलेलं एकच स्टँडर्ड कामासकट मांडा. एक काल्पनिक उदाहरण पाहू. पंपाचे सुटे भाग बनवणारी कंपनी. ३१ मार्चच्या स्टॉक मोजणीला तुम्ही हजर होता आणि एका जुन्या मॉडेलचे १२० नग कोपऱ्यात पडून दिसले. हिशोबात ते प्रत्येकी ४,२०० रुपये कॉस्टनं धरलेले. एप्रिल-मेची विक्री बिलं काढली तर तेच भाग ३,६०० ला गेलेले, वर विकण्याचा खर्च नगामागे १००. म्हणजे नेट रिअलायझेबल व्हॅल्यू ३,५००. एएस २ प्रमाणे कॉस्ट आणि ही व्हॅल्यू यांत जी कमी ती धरायची, म्हणून नगामागे ७०० आणि एकूण ८४,००० रुपयांनी स्टॉक उतरवायला हवा. हे तुम्ही वर्किंग पेपरमध्ये नोंदवलं आणि सीनियरनं क्लायंटकडून एंट्री करून घेतली.

रेझ्युमेत याच्या दोन ओळी होतात: 'पंप-पार्ट उत्पादक प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या स्टॅच्युटरी ऑडिटमध्ये स्टॉक मोजणी व मूल्यांकनाचं काम. वर्षअखेरीनंतरच्या विक्री बिलांवरून एएस २ नुसार ८४,००० रुपयांची घट दाखवून दिली.' आर्टिकलशिप, ऑडिटचा प्रकार आणि स्टँडर्ड तिन्ही इथे एकमेकांना आधार देतात. मुलाखतीत प्रश्नही त्यावरच येतो, आणि उत्तर तुमच्या हातचं असतं. एंट्री झाली नसेल तर 'सीनियरला कळवलं' एवढंच लिहा. रक्कम छोटी असली तरी चालते.

क्लायंटचं नाव मात्र लिहू नका. ते गोपनीय असतं, आणि ते उघड करणारा उमेदवार उद्या आमचंही उघड करेल, असं फर्मला वाटतं.

तुम्ही न केलेलं काम आम्ही रेझ्युमेत घालत नाही, कोणी सांगितलं तरीही. रेझ्युमेसोबत एक वेगळं पान पाठवा. केलेलं प्रत्येक ऑडिट, त्यात तुमच्याकडे काय होतं, आणि कुठे काही चुकीचं सापडलं ते साध्या मराठीत लिहा. आमचं अर्धं काम त्या पानावरून होतं.