कॉल फॉर पेपर्सचं पुनर्लेखन

परिषदेसाठी शोधनिबंध मागवणारं पत्रक म्हणजे कॉल फॉर पेपर्स. बऱ्याचदा ते मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये तारखा बदलून काढलेलं असतं, आणि मग कोऑर्डिनेटरचा फोन दिवसभर वाजत राहतो. तेच पत्रक कुठलाही प्रश्न उरणार नाही असं परत लिहायचं, एवढंच हे काम.

समजा वाशीतल्या एखाद्या कॉलेजने ठाणे खाडीवर परिषद ठेवलीय आणि पत्रकात लिहिलंय, ‘पर्यावरण व तत्सम विषयांवरील निबंध ३१ जानेवारी रात्री १२ पर्यंत पाठवावेत व शुल्क भरावे.’ यात ‘तत्सम’ हा शब्द सगळ्यात महाग पडतो, कारण त्यात सोलर पॅनलपासून संतसाहित्यातल्या निसर्गापर्यंत काहीही बसतं आणि ते नाकारायला समितीकडे आधार राहत नाही. त्याजागी लिहायचं की खाडीतली कांदळवनं, कोळीवाड्यांची मासेमारी आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेलं फ्लेमिंगो अभयारण्य या तीनच विषयांवर निबंध घेऊ, इतर खाड्यांवरचं काम ठाणे खाडीशी तुलना असेल तरच. काय घेणार नाही हे लिहायला आयोजक लाजतात, पण खरं काम तेच वाक्य करतं.

आता तारीख. रात्री १२ म्हणजे ३१ तारीख सुरू होतानाचे की संपतानाचे? म्हणून ‘शनिवार, ३१ जानेवारी २०२६, रात्री ११:५९, भारतीय वेळ’ असं लिहावं. वार टाकला की तारीख चुकली असेल तर लगेच दिसतं. आंतरराष्ट्रीय परिषदा कधीकधी ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ वेळ देतात, ती ग्रिनिचच्या १२ तास मागे असते, त्यामुळे हीच मुदत आपल्याकडे १ फेब्रुवारीच्या संध्याकाळी ५:५९ ला नाही तर ५:२९ ला संपते, अर्ध्या तासाचा हा घोळ बरेच जण घालतात.

शिवाय ३१ ला नक्की काय पाठवायचं, सारांश की पूर्ण निबंध? ते वेगळं करावं: ३१ जानेवारीला ३०० शब्दांचा सारांश, १४ फेब्रुवारीला निवड कळवणार, ७ मार्चला पूर्ण निबंध, शब्दमर्यादा संदर्भसूची सोडून, आणि शुल्क निवड झाल्यावरच, तेही सादर करणाऱ्या प्रत्येकाने वेगळं. मराठी निबंध युनिकोडमध्येच हवा हेही लिहायचं, नाहीतर जुन्या फॉन्टमधली फाइल समितीच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती अगम्य अक्षरं दिसतात. युजीसी-केअर यादीतल्या जर्नलमध्ये छापू असं आश्वासन जुन्या फाइलमधून आलं असेल तर काढून टाकावं, ती यादी युजीसीने २०२५ मध्ये बंद केली.

मुदत वाढवली तर जुनी पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतच राहते, तिला इलाज नाही. नव्या पत्रकात वरतीच ‘सुधारित’ लिहून जुनी तारीख खोडलेली दाखवावी. छापण्याआधी मसुदा समितीबाहेरच्या एखाद्या एमएच्या विद्यार्थ्याला द्यावा आणि काय, किती, कुठे, कधी, किती पैसे हे विचारावं. एखाद्या उत्तराआधी तो ‘बहुतेक’ म्हणाला की ते वाक्य परत लिहायला घ्यायचं.