फेडलेलं कर्ज सिबिलवर थकीत दिसतंय? अर्जात नेमकं काय मागावं

इतवारीतले आमचे एक ग्राहक घरकर्ज मागायला गेले आणि सिबिलमुळे रिकाम्या हाताने परतले. दुचाकीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्यांनी फायनान्स कंपनीच्या काउंटरवर रोख भरला होता, पावतीही जपून ठेवली होती. पण काउंटरवर खाते क्रमांकातला एक आकडा चुकला आणि पैसे दुसऱ्याच खात्यात गेले. इकडे अहवालात त्यांच्या नावापुढे ओळीने चार महिने ०३०, ०६०, ०९०, १२० असे आकडे चढले. हप्ता किती दिवस थकला ते सांगणारा हा डीपीडी.

त्यांनी कंपनीला अर्ज दिला, ‘माझं खातं बंद दाखवा.’ कंपनीने ते केलंही. तरी स्कोअर जवळजवळ जागचा हलला नाही, कारण खातं बंद झालं तरी त्या चार महिन्यांचे आकडे तसेच राहिले होते. बहुतेक अर्ज इथेच फसतात. म्हणून थकबाकी शून्य करा, खातं बंद दाखवा आणि अमुक अमुक महिन्यांचा डीपीडी दुरुस्त करा, अशा तिन्ही मागण्या महिन्यांच्या नावांसह लिहा.

अर्ज कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा फायनान्स कंपनीला आणि सिबिलला एकाच दिवशी द्या. सिबिल स्वतःहून आकडा बदलत नाही, बँकेने दुजोरा दिला तरच बदलते. सिबिलकडची तक्रार त्यांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येते. बँकेत मात्र ‘आपोआप अपडेट होईल’ या तोंडी उत्तरावर उठू नका, तारखेची पोच घ्या. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचे अहवालही तपासा. चौघांकडूनही वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो.

पोच महत्त्वाची, कारण मुदत तक्रारीच्या दिवसापासून मोजतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. आपल्या ग्राहकांचा दुसरा अर्ज २ जूनचा होता आणि दुरुस्ती झाली २२ जुलैला. मुदत २ जुलैला संपली होती, म्हणजे वीस दिवसांचे २,००० रुपये. बँकेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नसेल, तर ही रक्कम बँक देते. बँकेने वेळेत पाठवूनही सिबिलने उशीर केला, तर सिबिल देते.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तिला शुल्क नाही.

या काळात वसुलीवाल्यांचा फोन येईल, ‘थोडे भरा, सेटल करून टाकू.’ जे देणं नाहीच, ते सेटल करू नका. अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढची बँक त्याचा अर्थ कर्ज पूर्ण फेडलं नाही असाच घेते. पैसे घेऊन स्कोअर वाढवून देतो म्हणणाऱ्यांनाही दूर ठेवा, खऱ्या थकबाकीची नोंद कोणालाच पुसता येत नाही. आमचं कार्यालय फक्त अर्ज आणि कागद नीट लावून देतं.

येताना ताजा अहवाल, हप्त्याची पावती, कर्जखात्याचा उतारा आणि पैसे गेल्याचं दाखवणारं पासबुकाचं पान आणा.