रिश्टरचा आकडा लॉग स्केलच्या ग्राफमधून कसा आला

भूकंप झाला की बातम्यांत "रिश्टर स्केलवर अमुक इतका" असं येतं, पण तो आकडा मुळात एका ग्राफच्या उभ्या अक्षावरून आलाय हे सहसा कुणी सांगत नाही. आधी स्केल ठरली आणि मग ग्राफ काढला असं झालंच नाही, उलटं झालं.

लॉगची आखणी, म्हणजे दर दहापटीला सारखीच जागा देणारी, तशी खूप जुनी. नेपिअर नावाच्या स्कॉटिश गणितज्ञाने १६१४ मध्ये लॉगॅरिदम छापले, १६२० च्या आसपास एडमंड गंटरने ते पट्टीवर आखले, १ ते १० ला जेवढी जागा तेवढीच १० ते १०० ला, आणि त्यावर कर्कटक ठेवून गुणाकार करायचे. पण ते हिशोबाचं साधन. ग्राफच्या अक्षावर ही आखणी यायला दोनशेच्या वर वर्षं गेली. लालान नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८४० च्या दशकात ती वापरली, १८६३ मध्ये जेव्हन्स या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने किमतींचे चढउतार अशा कागदावर मांडले, कारण १० चे २० आणि १०० चे २०० ही दोन्ही दुपटीच आहेत आणि त्या सारख्याच उंचीच्या दिसायला हव्या होत्या.

आता मुद्द्याचं. १९३० च्या सुमाराची गोष्ट, कॅलिफोर्नियात पॅसडिनाच्या भूकंप प्रयोगशाळेत चार्ल्स रिश्टरला दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांची लहान-मोठी अशी क्रमवारी लावायची होती. तोवर तीव्रता सांगायची ती लोकांना काय जाणवलं आणि काय पडलं त्यावरून, म्हणजे वस्तीपासून लांब झालेला मोठा भूकंपही किरकोळ वाटणार. त्याच्याकडे बऱ्याच नोंदणी केंद्रांवर भूकंपाचे धक्के रेघेने नोंदवणारी एकाच जातीची यंत्रं होती, वुड-अँडरसनची. जपानचे भूकंपशास्त्रज्ञ वादाती यांच्या एका पेपरात त्याला युक्ती सापडली: आडव्या अक्षावर नोंदणी केंद्राचं भूकंपापासूनचं अंतर, उभ्यावर जमिनीची सगळ्यात मोठी हालचाल. रिश्टरने तेच केलं, फक्त उभ्यावर यंत्राच्या रेघेची सगळ्यात मोठी उंची घेतली.

आणि तिथेच अडलं. समजा एका भूकंपाची रेघ १०० मिमी उसळली आणि दुसऱ्याची ०.१ मिमी. उभा अक्ष २० सेंटिमीटरचा घेतला तर मोठ्याचा ठिपका वर टोकाला, आणि छोट्याचा खालून फक्त ०.२ मिमीवर, म्हणजे पेन्सिलच्या रेघेतच गडप. छोटा दिसावा म्हणून अक्ष ताणावा तर मोठा कागदाबाहेर जातो.

त्याचा प्रयोगशाळेतला सहकारी बेनो गुटेनबर्ग म्हणाला, उंचीचा लॉग घेऊन टाक की. मग ०.१ ते १, १ ते १०, १० ते १०० असे तीन सारखे टप्पे, प्रत्येकाला साधारण पावणेसात सेंटिमीटर, सगळे ठिपके स्वच्छ दिसतात. पण खरी गंमत पुढेच आहे, वेगवेगळ्या भूकंपांच्या वक्ररेषा एकमेकींना जवळपास समांतर निघाल्या, आणि हे रिश्टरला अजिबात अपेक्षित नव्हतं. नंतर बघितलं तर कारण साधं वाटतं: रेघेची उंची म्हणजे भूकंपाचा मोठेपणा गुणिले अंतरामुळे होणारी घट, आणि लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, म्हणून मोठा भूकंप म्हणजे तीच रेषा फक्त वर सरकवलेली. किती वर सरकली, तोच रिश्टरचा आकडा!

शून्य कुठे धरायचं हे त्याने ठरवून टाकलं, १०० किमीवर रेघ ०.००१ मिमी उसळली तर आकडा ०. म्हणजे १०० किमीवर १ मिमी आली तर ३, १० मिमी आली तर ४. तीच १ मिमी ३०० किमीवरच्या केंद्रात दिसली तर त्याच्या तक्त्यानुसार ४, कारण एवढ्या लांब येईपर्यंत ती बरीच मेलेली असते. हे सगळं १९३५ मध्ये छापून आलं.

लॉगचे ग्राफ ही सैतानाची करामत आहे असं रिश्टर स्वतःच नंतर म्हणाला होता, आणि ते खोटं नाही. दुप्पट उंचीची रेघ आली तरी आकडा जेमतेम ०.३ ने वाढतो, त्यामुळे मोजमापात दुपटीची चूक असली तरी ठिपका रेषेला चिकटलेलाच दिसतो. दुसरं म्हणजे या अक्षावर ० ला जागाच नाही. लांबच्या ज्या केंद्रात रेघ हललीच नाही ते ग्राफमधून गायब होतं, उरतात ती योगायोगाने जास्त हललेली केंद्रं आणि रेषेचं शेपूट उगाच सपाट होतं. शेपूट यंत्राच्या किमान मोजमापाशी येऊन आडवं झालेलं दिसलं की ओळखावं. तिथे ठिपका सोडून द्यायचा नाही, "यापेक्षा कमी" असा खाली बाण काढायचा.

मोठ्या भूकंपांत मात्र आकडे ७ च्या आसपास गर्दी करायला लागले, भूकंप कितीही मोठा असो. तो दोष लॉगचा नव्हता, ते यंत्र भरभर हलणाऱ्या लाटाच नीट पकडायचं आणि मोठ्या भूकंपाची वाढीव ताकद संथ लाटांत जाते. म्हणून १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी या भूकंपशास्त्रज्ञांनी मोमेंट मॅग्निट्यूड आणलं, ते जमिनीतली भेग किती मोठी आणि किती सरकली यावरून काढतात, १९६० च्या चिलीच्या भूकंपाचा ९.५ हा आकडा त्यातलाच. मोजायची गोष्ट बदलली, अक्ष लॉगचाच राहिला, आणि बातम्यांत नाव अजून रिश्टरचंच चालू आहे.