रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारा

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला संध्याकाळी शेअर रिक्षाच्या रांगेत पोचलं की आपण सगळे एकच गोष्ट करतो. मान उंचावून डोकी मोजतो. समजा पुढे ४५ माणसं आहेत. एका रिक्षात तिघं बसतात आणि मिनिटाला साधारण एक रिक्षा सुटते. ४५ ला ३ ने भागलं की १५ मिनिटं. हा हिशेब बरोबरच आहे, पण रांगेची तब्येत त्यातून कळत नाही. ती कळण्यासाठी सगळ्यात पुढच्या माणसाला विचारावं लागतं, "काका, किती वेळ उभे आहात?"

काका म्हणाले, "नऊ मिनिटं झाली." याचा अर्थ असा की त्यांच्या मागची सगळी माणसं गेल्या नऊ मिनिटांत आली आहेत. म्हणजे मिनिटाला पाच माणसं येताहेत आणि तीनच जाताहेत. काका नऊ मिनिटांत सुटले, तुम्हाला पंधरा लागतील आणि तुमच्या मागून येणाऱ्याला त्याहून जास्त. रांग बिघडत चालली आहे.

आता तेच काका म्हणाले असते, "पंचवीस मिनिटं झाली हो," तर? तेवढ्या वेळात ४५ जणच आले, म्हणजे मिनिटाला दोनही नाहीत. मघाशी रिक्षा नव्हत्या, आता सुटू लागल्या आहेत. काका वैतागलेले असले तरी तुम्ही पंधरा मिनिटांत निघाल. डोकी दोन्ही वेळा ४५, पण एक रांग आजारी आहे आणि दुसरी बरी होत आहे.

काकांचं उत्तर झालेल्या काळाबद्दल बोलतं, आणि लांबी भागिले वेग हे येणाऱ्या काळाबद्दल. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर आवक उरकापेक्षा जास्त आहे. हे मी शिकले ते मात्र रिक्षाच्या रांगेत नाही, ऐरोलीच्या ऑफिसात, संगणकातल्या रांगांवर काम करताना.

संगणकातही अशा रांगा असतात, फक्त दिसत नाहीत. आम्ही एका पॅथॉलॉजी लॅबचं काम पाहायचो. ठाणे, कळवा, वाशी अशा केंद्रांवर सकाळी रक्त घेतलं जाई आणि दुपारी निकाल येत. प्रत्येक निकालाची पीडीएफ बनवून रुग्णाच्या मोबाइलवर पाठवायची. येणारे निकाल एका रांगेत पडत आणि चार छोटे प्रोग्रॅम, ज्यांना आम्ही वर्कर म्हणतो, ते एकेक उचलत. एका निकालाला दहा सेकंद लागत, म्हणजे चौघांचा मिळून उरक मिनिटाला २४. भर दुपारी आवक मिनिटाला २०. गाडं नीट चालायचं.

धोक्याची घंटा आम्ही लांबीवर लावली होती: रांगेत हजार निकाल साचले की वाजायची. हजार हा आकडा कुणीतरी गोल दिसतो म्हणून ठरवला असावा.

एके दुपारी एक वाजता चारपैकी दोन वर्कर बंद पडले. उरक २४ वरून १२ वर आला. दर मिनिटाला आठ निकाल साचू लागले. दोन वाजता रांगेत ४८० होते आणि घंटा गप्पच होती, कारण या गतीने हजार व्हायला दोन तासांहून जास्त लागणार होते. पण तेव्हा सगळ्यात जुन्या निकालाचं वय पाहिलं असतं, तर ते २४ मिनिटं निघालं असतं. एरवी ते एक मिनिटही नसे. आणि त्या क्षणी रांगेत पडणाऱ्या निकालाला ४८० भागिले १२, म्हणजे ४० मिनिटं लागणार होती. मागे २४, पुढे ४०: स्टेशनवरची पहिली रांगच ही, फक्त रिक्षाऐवजी वर्कर.

दुरुस्तीनंतरचा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन वाजता चारही वर्कर पुन्हा चालू झाले. आता सगळं ठीक, असं वाटतं. पण आवक थांबलेली नसते. मिनिटाला २४ उरकतात, त्यातले २० तर नवेच. जुना साठा फक्त चारच्या वेगाने कमी होतो, आणि ४८० संपायला पूर्ण दोन तास लागतात. एका तासाचा बिघाड दोन तास पुरतो. तात्पुरते आठ वर्कर लावले, तर मिनिटाला २८ ने साठा घटून काम सतरा मिनिटांत आटोपतं. अर्थात मागचा डेटाबेस किंवा संदेश पाठवणारी सेवा तेवढा भार सोसणार असेल तरच. ती आधीच दमलेली असेल, तर आठ वर्कर तिला आणखी झोपवतात.

दुसरी घटना वेगळी, आणि तिने मला जास्त अस्वस्थ केलं. त्या दिवशी रांगेत तीस-चाळीसच निकाल होते आणि उरक व्यवस्थित होता. तरी संध्याकाळी एका बाईंचा फोन आला: वडिलांचा पोटॅशियमचा निकाल सकाळपासून आलेला नाही, डॉक्टर थांबलेत. शोधलं तर तो निकाल रांगेतच होता. त्यातल्या एका चित्राच्या फाइलवर वर्कर अडखळायचा, निकाल परत रांगेत टाकायचा आणि पुढचा उचलायचा. पाच तास हेच चाललं होतं.

असा एकच अडकलेला निकाल लांबीत दिसत नाही, उरकातही दिसत नाही. तो फक्त वयात दिसतो, आणि अगदी ठळक दिसतो: सर्वांत जुन्याचं वय घड्याळाबरोबर वाढत जातं, मिनिटाला एक मिनिट. वर्कर कमी पडले की वय वाढतं, पण घड्याळापेक्षा हळू. पहिल्या घटनेत ते तासाला २४ मिनिटं वाढलं होतं. घड्याळाच्याच गतीने वाढलं की पुढचं काहीतरी मुळीच हललेलं नाही. मग उरक पाहायचा. तो शून्य असेल तर सगळंच बंद आहे. तो नेहमीसारखा असेल तर एखादाच अडकला आहे.

आमच्या आलेखात मात्र हेही दिसलं नसतं. निकाल परत रांगेत टाकताना त्याला नवी वेळ लागायची, म्हणजे दर खेपेला तो नव्याने जन्मायचा आणि त्याचं वय कधी दोन मिनिटांपलीकडे जायचंच नाही. शिवाय उरक मोजताना आम्ही फसलेले प्रयत्नही धरत होतो, त्यामुळे तो निकाल शंभरदा उरकल्यासारखा दिसे. दोन्ही चुका सुधारल्या. जन्मवेळ निकालाबरोबरच लिहिली, ती शेवटपर्यंत बदलायची नाही. उरकात फक्त रुग्णाकडे पोचलेले निकाल धरले.

लांबी, उरक आणि सरासरी वेळ यांचं नातं जुनं आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता मांडली: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे आवकीचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. पण तो नियम सरासरीचा आहे. पोटॅशियमचा तो एक निकाल सरासरीत हरवतो.

वयाच्या मापालाही मर्यादा आहे. रांग आल्या क्रमाने चालत असेल तरच त्याचा अर्थ सरळ लागतो. तातडीचे निकाल पुढे घुसवले, की साध्या निकालांचं वय फुगतं आणि घंटा उगाच वाजते. म्हणून आम्ही तातडीची रांग वेगळी केली आणि दोन्हींचं वय वेगवेगळं मोजू लागलो. तातडीच्या रांगेत दोन मिनिटांवर घंटा, साध्या रांगेत दहावर. हजारावरची घंटा काढून टाकली.

पाच वेळा फसलेला निकाल आता बाजूच्या एका रांगेत जातो, म्हणजे मुख्य वाट मोकळी राहते. ती रांग सुरू केली तेव्हा तिथे फक्त संख्या दाखवली होती. एका सोमवारी तिथे तीन असा आकडा होता आणि तीनच आहेत म्हणून कुणी बघितलं नाही. मी उघडून पाहिलं, तर तिघंही शुक्रवारपासून पडून होते. त्याच दुपारी त्या रांगेलाही वयाची घंटा लावली, अर्ध्या तासावर.