पाककृती-पिन (कोल्हापुरी चटणीचा व्यवसाय)

पिंटरेस्टवर टाकलेले पाककृतीचे चित्र, ज्यावर टिचकी मारली की विक्रेत्याच्या संकेतस्थळावरील त्याच पाककृतीचे पान उघडते, त्याला पाककृती-पिन म्हणता येईल. २०१० मध्ये सुरू झालेले पिंटरेस्ट समाजमाध्यमांत गणले जात असले, तरी लोक ते वापरतात शोधयंत्रासारखे. रविवारी काय करावे हे तिथे शोधतात आणि आवडलेले चित्र आपल्या बोर्डावर, म्हणजे तिथल्या स्वतःच्या संग्रहात, जपून ठेवतात. म्हणून पिन पहिले काही आठवडे पडून असल्यासारखी वाटते आणि पुढे महिनोन्‌महिने थोडी थोडी माणसे आणत राहते.

कोल्हापुरात उन्हाळ्यात वर्षभराचा म्हणून जो कांदा-लसूण मसाला कुटून ठेवतात त्याला घरात नुसते ‘चटणी’ म्हणतात. बाहेरच्याला मात्र चटणी म्हटले की खोबऱ्याची किंवा पुदिन्याची आठवते. तो शोधतो `kanda lasun masala`. पहिली चूक इथेच होते. पिनच्या शीर्षकात घरचे नाव नव्हे, शोधणारा टाइप करतो ते नाव हवे, आणि बरेच मराठी लोकही ते रोमन लिपीत टाइप करतात. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे. नेमका शब्द सुरुवातीला यावा, कारण यादीत पुढचा भाग कापला जातो.

तांबड्या रश्श्याचे एकच पान घेऊ. त्याला तीन वेगळ्या पिना जोडता येतात. तर्री आलेल्या वाटीचा जवळून घेतलेला फोटो: `Kolhapuri tambda rassa recipe`. तांबडा, पांढरा, सुके आणि भाकरी असे पूर्ण ताट: `Kolhapuri mutton thali at home`. तिसरा फोटो कढईतल्या वाटणावर चटणीचा चमचा पडतानाचा: `how to use kanda lasun masala`. तिन्ही शोधणारी माणसे वेगळी आहेत, आणि चटणी विकत घेण्याच्या सर्वांत जवळ तिसरा आहे. त्याच्या हातात मसाला आहे किंवा तो घ्यायचा विचार चालू आहे. एकच फोटो तीनदा टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरे. अख्ख्या मसुराचे चित्र मात्र या पानाला जोडू नये. चित्रातले पानावर दिसले नाही की माणूस लगेच मागे फिरतो.

चित्र उभे, २:३ प्रमाणात, १००० × १५०० पिक्सेलचे असावे. त्याहून लांब चित्र खालून कापले जाऊ शकते. रस्सा खिडकीच्या उजेडात टिपावा. पिवळ्या बल्बखाली तर्रीचा लाल रंग विटकरी दिसतो.

पानावर नेमकी मापे हवीत: अर्ध्या किलो मटणाला चटणी किती मोठे चमचे, अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेले पाणी, किती वाट्या. दोन सूचना तर ठळक द्याव्यात. चटणीत मीठ आधीच असते, म्हणून अळणी शिजवताना मीठ बेतानेच घालायचे. आणि चटणी टाकताना आच मंद हवी, नाहीतर ती करपून रस्सा काळपट, कडवट होतो. नवख्याचा रस्सा बहुधा या दोन जागी बिघडतो आणि बोल चटणीला लागतो. चटणीच्या पाकिटाचा दुवा या सूचनांलगतच द्यावा. पानाच्या तळाशी तो कुणी पाहत नाही.

वेळ महत्त्वाची आहे. आखाडासाठीच्या पिना आखाडात टाकून उपयोग नाही. दीड-दोन महिने आधी टाकाव्यात, म्हणजे शोध वाढेपर्यंत त्या रुळलेल्या असतात. श्रावण लागला की मटणाचा शोध घरच्या भागात ओसरतो. ती घट बिघाड समजून पिना काढून टाकू नयेत.

व्यवसाय खाते मोफत असते आणि त्यात आकडे दिसतात. समजा, तीन महिन्यांत एका पिनचे `Impressions`, म्हणजे ती लोकांना दिसल्याच्या वेळा, ४,०००, जपून ठेवल्याचे `Saves` ९० आणि संकेतस्थळावर नेणाऱ्या टिचक्यांचे `Outbound clicks` ६ आहेत. म्हणजे चित्र आवडले, पण पानावर जाण्याचे कारण दिसले नाही. चित्रावर ‘अर्ध्या किलोचे माप’ असे काही ठळक लिहून नवी पिन करावी. `Impressions` मुळातच कमी असतील, तर दोष बहुधा शीर्षकाच्या शब्दांत असतो. विक्री फक्त शहरात हातोहात होत असेल, तर या साऱ्याचा फारसा फायदा नाही. पिन पाहणारा पुण्यात किंवा परदेशात असू शकतो. कुरिअर कुठवर जाते हे पानावर लिहिलेले असावे.

सर्वांत मोठे नुकसान संकेतस्थळ बदलताना होते. पानाचा पत्ता बदलला की लोकांनी आपापल्या बोर्डांवर जपलेल्या पिना जुन्याच पत्त्यावर नेतात आणि रिकामे पान उघडते. जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचे वळण (३०१) द्यावे लागते. चटणीचा हंगामी साठा संपला तरी पान काढू नये. पाककृती तशीच ठेवून विक्रीच्या जागी पुढची चटणी कोणत्या महिन्यात येईल ते लिहावे.