ट्रक-बसच्या पुढच्या चाकांना लग नक्षीचे टायर की रिब नक्षीचे?

“लग टायरची पकड जास्त असते, मग पुढेही लगच टाकले तर गाडी जास्त सुरक्षित होईल ना?”

नाही. प्रश्न पकड किती याचा नसून कोणत्या दिशेने याचा आहे. लगच्या आडव्या, खोल खाचांमधले ठोकळे गाडी पुढे ढकलताना जमिनीत रुततात. इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर येतो, म्हणून ते तिथे उपयोगी. नेहमीच्या ट्रक-बसमध्ये पुढची चाके गाडी ओढत नाहीत, ती दिशा देतात. वळणावर आडवे घसरणे रोखायचे असते आणि ते काम रिबच्या परिघाभोवती फिरणाऱ्या सलग पट्ट्या करतात. त्यांच्यामधल्या खाचा पावसाचे पाणीही वाहून नेतात.

पुढे लग टाकून डांबरी रस्त्यावर गाडी पळवली की काय होते, ते हाताला कळते. टायरच्या कडेवरून परिघाच्या दिशेने तळवा फिरवा. एका बाजूने गुळगुळीत लागते, उलट फिरवल्यावर करवतीसारखे दाते बोचतात. प्रत्येक ठोकळ्याची एक कड जास्त झिजलेली असते. मग गुणगुण वाढते, स्टेअरिंग थरथरते आणि अनेकजण उगाच बॅलन्सिंगला दोष देतात. शिवाय जाड ठोकळे वेगात जास्त तापतात.

खाणीत किंवा चिखलात हळू चालणाऱ्या टिपरला पुढे लग चालतात, तिथे हिशेबच वेगळा. उलट, कायम चांगल्या महामार्गावर धावणाऱ्या बसला मागेही रिब पुरतात. मात्र एकाच ॲक्सलवर दोन्ही नक्ष्या मिसळू नका.